पहिल्या कमाईचे पत्र

बँकेतील नोकरीत कर्जविभागाच्या टेबलावर माझी बरीच वर्षे गेली. त्या काळात किती अर्ज वाचले याची मोजदाद नाही. परंतु एक गोष्ट मनावर पक्की ठसली. ज्या अर्जात रक्कम, कारण, परतफेडीची मुदत आणि तारण या चार गोष्टी पहिल्याच पानावर स्पष्ट असत, त्या अर्जदाराशी बोलणे सोपे जाई. ज्या अर्जात केवळ "मी प्रामाणिक व्यापारी आहे, आपण द्याल ते कर्ज मान्य आहे" असे लिहिलेले असे, तो अर्ज आम्ही बाजूला ठेवीत असू. अर्जदार अप्रामाणिक वाटे म्हणून नव्हे, तर त्याने आपल्याच गरजेचा हिशेब केलेला नाही, हे त्यातून दिसे म्हणून.

निवृत्तीनंतर असा अर्ज पुन्हा हाती येईल असे वाटले नव्हते. गेल्या हिवाळ्यात तो आला, आणि तो माझ्या घरातलाच होता. माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी सांगलीच्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षाला आहे. तिच्या वडिलांचे किराणा-भुसार मालाचे दुकान आहे. एका सायंकाळी तिने भ्रमणध्वनीवर लिहिलेले एक पत्र माझ्यापुढे धरले आणि म्हणाली, "मामा, पाठवण्याआधी एकदा पाहता का?"

काम छोटे होते. मसाल्यांचा घरगुती व्यवसाय करणाऱ्या एका कुटुंबाला आपल्या बारा मसाल्यांची मराठी माहिती लिहून हवी होती. ती संकेतस्थळावर आणि पुड्यांबरोबर द्यायच्या पत्रकात छापली जाणार होती. प्रत्येक मजकूर सुमारे दीडशे शब्दांचा. "लेखनाचा नमुना पाठवावा व अपेक्षित मोबदला कळवावा," एवढीच सूचना. महाविद्यालयातील प्राध्यापकांनी ती वर्गात वाचून दाखवली होती.

काम छोटे असले तरी तिच्या दृष्टीने त्यात बरेच काही अडकले होते. मागच्या दिवाळीत तिने एका ओळखीच्या गृहस्थांसाठी माहितीपत्रक लिहून दिले होते. पत्रक छापले गेले, वाटलेही गेले. पैसे मात्र आले नाहीत. कारण दर ठरलाच नव्हता, आणि ओळखीत विचारायचे कसे, असा संकोच. तिच्या वडिलांनी तेव्हा सरळ सांगितले होते, "उधारीवर माल देणारा दुकानदारसुद्धा वहीत नोंद करतो. तुझी तर वहीच नाही. पुन्हा असे झाले तर हा नाद सोड आणि दुकानात बस." त्यामुळे हे दुसरे काम म्हणजे तिच्यासाठी एक प्रकारची शेवटची संधी होती.

तिने लिहिलेले पहिले पत्र असे होते :

"आदरणीय सर/मॅडम, मी वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षात शिकत आहे. मला लहानपणापासून वाचनाची आणि लेखनाची अतिशय आवड आहे. मी शाळेत निबंध स्पर्धेत अनेक बक्षिसे मिळवली आहेत. मी मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्यास उत्सुक आहे. मला लेखनाच्या कामाचा अनुभव नाही, तरीही कृपया मला एक संधी द्यावी. मानधन आपण द्याल ते मान्य आहे. माझी माहिती सोबत जोडली आहे. आपल्या उत्तराची आतुरतेने वाट पाहते."

भाषा शुद्ध होती, विनयही होता. मी तिला म्हटले, "अगं, यात 'मी', 'मला', 'माझी' हे शब्द किती वेळा आलेत ते मोज." तिने मोजले, सात वेळा. मग विचारले, "आणि 'मसाला' किती वेळा?" ती हसली. तो शब्द पत्रात एकदाही नव्हता.

या पत्रातील खरी अडचण येथेच होती. ते कोणत्याही कामासाठी, कोणालाही पाठवता आले असते. ज्याच्याकडे असे वीस-पंचवीस अर्ज येतात, त्याला प्रत्येकात आवड, मेहनत आणि प्रामाणिकपणा हेच शब्द वाचायला मिळतात. त्यावरून निवड करायची कशी? शिवाय 'आपण द्याल ते मान्य' हे वाक्य नम्रतेचे वाटते, पण व्यापाऱ्याच्या कानाला ते वेगळे ऐकू येते. सूचनेत मोबदला कळवा असे म्हटले असता तो न कळवणे म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर न देणे. भाव न सांगणाऱ्याच्या मालाविषयी गिऱ्हाईकाला शंकाच येते.

मी तिला म्हटले, "हा नोकरीचा अर्ज नाही. तू एक लहानसा व्यवहार मांडते आहेस. दुकानात आलेल्या माणसाला तुझे वडील काय दाखवतात? माल, भाव आणि माल केव्हा मिळेल ते. एवढेच लिही." मग आम्ही एकेक बाब घेतली.

पहिली बाब नमुन्याची. तिच्याकडे शालेय निबंध होते, महाविद्यालयाच्या वार्षिकांकातील एक लेख होता. परंतु मसालेवाल्याला पावसाळ्यावरील निबंधाचा उपयोग काय? हळद विकत घेणारा व्यापारी हळदीचाच नमुना पाहतो, गुळाचा नव्हे. म्हणून तिने त्याच कामातील एक मजकूर, हळदीवर, नव्याने लिहायचे ठरवले. अनुभव नसलेल्याने अनुभवाची उणीव भरून काढण्याचा हाच खरा मार्ग आहे. पण त्याला मर्यादाही हवी. नमुना एकच द्यावा, आणि तो अर्ध्या लांबीचा असला तरी चालतो. फुकट नमुन्यांतच निम्मे काम होऊन गेले, तर मागच्या दिवाळीचीच पुनरावृत्ती होईल.

तिच्या पहिल्या खर्ड्यात हळद कर्करोग बरा करते, मधुमेह घालवते, असे एक वाक्य होते. कोठेतरी वाचलेले. ते मी तिला खोडायला लावले. अन्नपदार्थ रोग बरा करतो असा दावा वेष्टनावर वा जाहिरातीत करण्यास आपल्याकडील अन्न सुरक्षा नियम मनाई करतात. जाहिरात व दाव्यांविषयी २०१८ मध्ये स्वतंत्र विनियमच झाले आहेत. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मसालेवाल्याने असे वाक्य नमुन्यातच वाचले, तर लिहिणारी आपल्याला अडचणीत आणील, हे तो ताबडतोब ओळखेल.

मग ती वडिलांजवळ जाऊन बसली. सांगलीची बाजारपेठ हळदीची; सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. वडिलांना विचारून तिने जे लिहिले त्यातील मुख्य भाग असा :

"शेतातून काढलेली ओली हळद आधी शिजवतात, मग उन्हात वाळवतात आणि नंतर पॉलिश करून तिचा खरबरीतपणा काढतात. त्यानंतरच हळकुंड दळण्याजोगे होते. हळकुंड मोडताना खणखणीत आवाज आला आणि आतला रंग सर्वत्र सारखा दिसला, तर ते नीट वाळलेले समजावे. दळलेली हळद उजेडात फिकी पडते. म्हणून पुडी उघडल्यावर ती घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून आणि ओल्या चमच्यापासून दूर ठेवावी."

यात एकही विशेषण मिरवण्यासाठी आलेले नाही, आणि गृहिणीला उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी आहेत. 'मला लेखनाची आवड आहे' हे वाक्य आता लिहिण्याची गरजच उरली नाही.

दुसरी बाब दराची. येथे ती पुरती अडखळली. "किती मागू? जास्त सांगितले तर काम जाईल." मी तिला वेळेचा हिशेब करायला सांगितला. हळदीच्या मजकुराला माहिती विचारण्यात, लिहिण्यात आणि पुन्हा तपासण्यात मिळून दीड तास लागला होता. बारा मजकुरांचे अठरा तास; पत्रव्यवहार आणि दुरुस्त्यांसाठी आणखी दोन. एकूण वीस तास. तिने तासाला दीडशे रुपये धरले. म्हणजे सगळ्या कामाचे ३,००० रुपये, अर्थात एका मजकुराचे २५० रुपये. हा आकडा बाजारभाव आहे असे मी म्हणत नाही. लेखनाचे दर कामागणिक आणि माणसागणिक बदलतात. परंतु या आकड्यामागे हिशेब होता, आणि कोणी विचारले तर तो सांगता येत होता. दर शब्दावर न लावता नगावर लावला, कारण मसालेवाला पुड्या मोजतो, शब्द नव्हे.

दराबरोबर त्यात काय येते हेही सांगावे लागते. दुरुस्ती किती वेळा? हे न ठरवल्यास एकच मजकूर पाच वेळा परत येतो आणि दीडशे रुपयांचा तास तीस रुपयांवर उतरतो. तिने प्रत्येक मजकुरास एक दुरुस्ती दरात धरली.

तिसरी बाब पैसे केव्हा घ्यायचे याची. अनोळखी नवख्या मुलीला कोणी सगळी रक्कम आगाऊ देणार नाही, आणि सगळे काम देऊन मग पैशांची वाट पाहणे तिला परवडणारे नव्हते. बँकेत आम्ही नव्या कर्जदाराला बांधकामासाठी रक्कम टप्प्याटप्प्याने देत असू. पाया झाला की एक हप्ता, छत झाले की दुसरा. तीच रीत येथे लावली. चार-चार मजकुरांचे तीन हप्ते. चार मजकूर द्यायचे, १,००० रुपये आले की पुढचे चार सुरू करायचे. यात कोणत्याही क्षणी तिचे बुडालेच तर हजार रुपयांपलीकडे बुडणार नव्हते, आणि मसालेवाल्याला हाती माल आल्याशिवाय रुपयाही द्यावा लागणार नव्हता.

हक्कांविषयीही एक ओळ घातली. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ प्रमाणे, स्वतंत्रपणे लिहून देणाऱ्याच्या बाबतीत दुसरा करार नसेल तर मजकुराचा पहिला मालक लेखक असतो, आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी द्यावे लागतात. त्यामुळे 'पूर्ण मोबदला मिळाल्यावर हक्क आपणास लिहून देईन' या एका वाक्याने मसालेवाल्याची चिंता मिटते आणि मोबदल्याची आठवणही राहते.

शेवटी एक तांत्रिक गोष्ट, जी तिला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होती. मराठी मजकूर जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टंकला, तर तो फाँट नसलेल्या संगणकावर अक्षरांऐवजी निरर्थक चिन्हे दिसतात. पीडीएफमधून मराठी उचलून दुसरीकडे चिकटवले, तरी जोडाक्षरे आणि वेलांट्या पुष्कळदा विस्कटतात. म्हणून तिने युनिकोडमध्ये टंकलेला नमुना पत्राखालीच चिकटवला. वाचणाऱ्याला काही उघडावे लागले नाही.

नवे पत्र असे तयार झाले :

"विषय : बारा मसाल्यांची मराठी माहिती – नमुना व दर

महोदय,

आपणास बारा मसाल्यांची प्रत्येकी सुमारे दीडशे शब्दांची मराठी माहिती हवी आहे, असे सूचनेवरून समजले. हे काम मी करू इच्छिते.

माझ्या वडिलांचे सांगलीत किराणा-भुसार मालाचे दुकान आहे. सुटीत मी तेथे बसते. मसाला घेताना गिऱ्हाईक काय विचारते, ते मला ठाऊक आहे. मी वाणिज्य शाखेच्या अंतिम वर्षाला आहे. यापूर्वी मोबदला घेऊन लेखन केलेले नाही. म्हणून आपल्या कामासाठीच लिहिलेला हळदीवरील नमुना खाली दिला आहे.

एका मजकुराचा दर २५० रुपये, बारांचे ३,००० रुपये. यात प्रत्येकी एक दुरुस्ती धरलेली आहे. मजकूर चार-चारच्या तीन हप्त्यांत देईन. आपणाकडून माहिती मिळाल्यापासून पाच दिवसांत पहिले चार; त्यांचे १,००० रुपये मिळाल्यावर पुढील चार पाच दिवसांत, याप्रमाणे. पूर्ण मोबदला मिळाल्यावर मजकुराचे हक्क आपणास लिहून देईन.

घटक पदार्थ आपण कळवाल तेच लिहीन. रोग बरा होण्याविषयीचे दावे मजकुरात असणार नाहीत. मार्चअखेर माझी परीक्षा आहे. त्यापूर्वी काम पूर्ण होईल.

आपली,"

त्याखाली नाव, दूरध्वनी क्रमांक आणि नमुना. एवढेच. परीक्षेची गोष्ट लपवावी, असे तिला वाटत होते. मी म्हटले, ती आज सांगितलीस तर अडचण. मार्चमध्ये सांगितलीस तर सबब.

पत्र पाठवण्यापूर्वी समोरचा कोण आहे, हेही तिने पाहून घेतले. सूचना प्राध्यापकांकडून आली होती, त्या मसाल्याची पुडी बाजारात मिळत होती, तिच्यावर पत्ता आणि अन्न परवान्याचा क्रमांक होता. हे मी मुद्दाम सांगतो, कारण 'घरबसल्या लेखन करा' म्हणून येणाऱ्या संदेशांत फसवणूक पुष्कळ असते. काम देण्याआधी नोंदणी शुल्क वा अनामत मागणारा काम देणारा नसतो. काम झाल्यावर 'चुका निघाल्या, दंड भरा, नाहीतर न्यायालयात खेचू' म्हणणारेही असतात. आणि यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजावे, पैसे येत नाहीत, जात आहेत. तसे घडलेच तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे.

चार दिवस उत्तर आले नाही. ती अस्वस्थ झाली. पाचव्या दिवशी तिने दोन ओळींचे स्मरणपत्र पाठवले. त्याच रात्री उत्तर आले : नमुना आवडला, दर २०० करावा, आणि आणखी दोन मजकूर नमुना म्हणून पाठवावेत.

येथे पुन्हा मागची दिवाळी डोळ्यांपुढे आली. नाही म्हटले तर काम जाईल, हो म्हटले तर दोन मजकूर फुकट. तिने मला विचारले नाही, वडिलांना विचारले. त्यांनी दुकानातली रीत सांगितली : भाव कमी करायचा तर त्याबदल्यात काहीतरी मागावे, नुसता कमी करू नये. तिने उत्तर लिहिले की, बाराही मसाल्यांचे घटक आणि वापरण्याच्या पद्धती आपण एकदम लिहून पाठवल्या, तर माझा विचारपूस करण्याचा वेळ वाचेल. मग २२५ रुपयांत करीन. आणखी नमुन्यांऐवजी पहिल्या हप्त्यातील एक मजकूर आधी पाठवते. पसंत न पडल्यास त्याचे पैसे देऊ नयेत आणि काम तेथेच थांबवावे. हे मान्य झाले. एकूण रक्कम २,७०० रुपये ठरली, हप्ता ९०० रुपयांचा.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. गोड्या मसाल्याचा मजकूर परत आला. तिने त्यात आईच्या स्वयंपाकघरातील घटक लिहिले होते. त्यांच्या मसाल्यात त्यांतले दोन नव्हतेच. पुडीवरील घटकांची यादी एक आणि पत्रकातील मजकूर दुसरा, असे छापले गेले असते तर दोष त्या व्यापाऱ्यावर आला असता. 'घटक आपण कळवाल तेच लिहीन' हे वाक्य तिनेच पत्रात लिहिले होते. चूक तिची असल्याने तिने ती दुरुस्ती दरातील एका दुरुस्तीत मोजली नाही, आणि तसे कळवलेही.

हे लिहीत असताना दोन हप्ते, म्हणजे १,८०० रुपये, तिच्या खात्यात आले आहेत. तिसऱ्या हप्त्याचे चार मजकूर गेले असून पैसे यायचे आहेत. परवा मी बहिणीकडे गेलो होतो. मेहुण्यांनी दुकानातील एक कोरी वही तिला दिलेली दिसली. पहिल्या पानावर तिच्या अक्षरात दोन जमा आणि एक येणे लिहिले होते. लिहिण्याच्या नादाविषयी ते काही बोलले नाहीत. जेवताना त्यांनी तिला एवढेच विचारले, "शेवटचे नऊशे केव्हा यायचेत?"

ती म्हणाली, "परवाची तारीख आहे, बाबा. नाही आले तर तेरवा आठवण करीन. मजकूर लिहून ठेवला आहे."